पेनड्राइव्हवरची एकच फिल्म

साडीचं दुकान असो, चष्म्याचं असो की मिठाईचं, भिंतीवर एक टीव्ही आता बहुतेक ठिकाणी दिसतो. त्यावर मालाचे फोटो, एखाददुसरा व्हिडिओ आणि सणाची ऑफर दिवसभर आपोआप फिरत राहावी, एवढीच दुकानदाराची अपेक्षा असते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि दरमहा पैसे भरायची कुठली सेवाही लागत नाही. टीव्हीच्या मागे किंवा कडेला USB लिहिलेली खाच असते, तिच्यात पेनड्राइव्ह लावला की काम झालं, असं टीव्ही विकणारा सांगतो. प्रत्यक्षात पेनड्राइव्ह लावल्यावर फोटो फिरतात पण व्हिडिओ लागत नाहीत, किंवा व्हिडिओ लागतात आणि फोटो गायब होतात. तासाभराने पडद्यावर नुसती फाइलींची यादी उभी असते आणि गल्ल्यावरचा माणूस रिमोट शोधत असतो.

याचं कारण घरगुती टीव्हीच्या रचनेत आहे. टीव्हीच्या दृष्टीने फोटो आणि व्हिडिओ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोटो उघडले की फोटो दाखवणारा प्रोग्राम सुरू होतो. त्यात स्लाइड शो असतो, पण मधे आलेला व्हिडिओ तो वगळून पुढे जातो. व्हिडिओ उघडला की दुसरा प्रोग्राम सुरू होतो. तो एकामागून एक व्हिडिओ लावतो, पण फोटोंकडे बघत नाही. दोन्ही एकत्र चालवणारे टीव्हीही आहेत, पण तिथेही प्रत्येक फाइल बदलताना पडदा काळा होतो, फाइलचं नाव झळकतं आणि गिऱ्हाइकाचं लक्ष उडतं.

म्हणून टीव्हीच्या स्लाइड शोच्या नादी न लागणं हाच यावरचा खात्रीचा उपाय. सगळे फोटो आणि सगळे व्हिडिओ आधी संगणकावर एकत्र गुंफायचे, त्यांची एकच व्हिडिओ फाइल करायची आणि टीव्हीला फक्त ती एक फाइल पुन्हा पुन्हा लावायला सांगायचं. एक व्हिडिओ परत परत लावणं हे काम साधासा टीव्हीही बिनचूक करतो. फोटो किती वेळ थांबावा, कशानंतर काय यावं, अक्षरं केवढी असावीत, हे सगळं मग टीव्हीच्या नाही, तुमच्या हातात राहतं.

समजा, येवल्यात पैठणीचं एक दुकान आहे. बैठकीसमोरच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही आहे. दाखवायला १८ साड्यांचे फोटो आहेत: असावली, बांगडी मोर, मुनिया अशा नक्ष्यांचे पदर. शिवाय मागावर विणकाम चालू असतानाच्या तीन क्लिपा आहेत, ३०, २० आणि ४० सेकंदांच्या. प्रत्येक फोटो ७ सेकंद ठेवला तर फोटोंचे १२६ सेकंद होतात आणि क्लिपांचे ९०. एकूण २१६ सेकंद, म्हणजे ३ मिनिटं ३६ सेकंदांची फिल्म. सहा फोटो, एक क्लिप, पुन्हा सहा फोटो, असा क्रम लावला की हलतं चित्र ठरावीक अंतराने येत राहतं. बैठकीवर साड्या बघत बसलेल्या कुटुंबाला एवढी लांबी पुरेशी आहे. आपल्या दुकानात गिऱ्हाईक जेमतेम मिनिटभर उभं राहत असेल, तर फिल्म मिनिटाभराचीच करावी, नाहीतर महत्त्वाची ऑफर त्याच्या पाठीमागे येऊन जाते.

ही फिल्म बनवायला व्हिडिओ एडिटिंगचा मोठा प्रोग्राम लागत नाही. गावातल्या डीटीपीवाल्याकडे पॉवरपॉइंट असतंच आणि तेवढं पुरतं. Design मध्ये Slide Size जाऊन Widescreen (16:9) निवडायचं, कारण टीव्हीचा पडदा त्याच प्रमाणाचा असतो. एका स्लाइडवर एक फोटो ठेवायचा. Transitions मध्ये Advance Slide खाली After समोर ७ सेकंद भरून Apply To All दाबायचं. त्याच ओळीतली On Mouse Click ची खूण काढून टाकायची. क्लिप असलेल्या स्लाइडवर Insert मधून Video घ्यायचा, तो पूर्ण स्लाइडभर पसरायचा आणि Playback मध्ये Start समोर Automatically ठेवायचं. शेवटी File, Export, Create a Video असं जाऊन Full HD (1080p) निवडलं की MP4 फाइल तयार होते. ती टीव्हीवर नेण्याआधी संगणकावर एकदा पूर्ण बघावी. प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत चालते का, हे तिथेच कळतं.

या पद्धतीचे दोन फायदे लगेच दिसत नाहीत. पहिला मराठी अक्षरांचा. डीटीपीच्या संगणकावरचा फॉन्ट टीव्हीत नसतो, पण व्हिडिओ झाल्यावर अक्षर हे चित्रच बनतं. त्यामुळे जोडाक्षर तुटणं, वेलांटी सरकणं असले प्रकार होऊ शकत नाहीत. दुसरा फायदा उभ्या-आडव्याचा. मोबाइलने फोटो काढला की तो कुठल्या बाजूने बघायचा याची एक खूण फाइलीत लपलेली असते. मोबाइल आणि संगणक ती खूण वाचतात, पण पुष्कळ टीव्ही वाचत नाहीत आणि साडी नेसलेली बाई पडद्यावर आडवी झोपलेली दिसते. फिल्म बनवताना फोटो सरळ बसला की पुढे तो सरळच राहतो.

उभ्या चित्राचा प्रश्न मात्र त्याने पुरता सुटत नाही. मोबाइल उभा धरून घेतलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला की तो १९२० ठिपक्यांच्या रुंदीतले जेमतेम ६०० ठिपके व्यापतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि दोन तृतीयांश टीव्ही वाया जातो. अशी क्लिप स्लाइडच्या डाव्या बाजूला ठेवावी आणि उजवीकडे साडीचं नाव, नक्षी आणि किंमत लिहावी. नव्याने शूटिंग करायचं असेल तर मोबाइल आडवा धरावा. आयफोन असेल तर शूटिंगआधी Settings, Camera, Formats मध्ये Most Compatible निवडावं. नाहीतर तो HEVC या नव्या पद्धतीने व्हिडिओ साठवतो आणि जुन्या संगणकावर तो उघडतच नाही. शिवाय फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवून घेऊ नयेत. वाटेत ते आक्रसतात, आणि मोबाइलवर छान दिसलेला जरीचा पदर ४३ इंचांवर धूसर होतो. केबलने घ्यावेत किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवावेत.

अक्षरांच्या मापाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण स्लाइड बनवणारा पडद्यापासून दीड फुटावर बसलेला असतो आणि गिऱ्हाईक पंधरा फुटांवर. पाट्या रंगवणाऱ्यांच्या धंद्यात एक सोपा हिशोब चालतो: दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच. पंधरा फुटांना दीड इंच हवं. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण २१ इंच उंच असतो, म्हणजे दीड इंच हा त्याचा चौदावा भाग झाला. पॉवरपॉइंटमध्ये त्याला साधारण ६० चा फॉन्ट लागतो. मराठीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येतात, म्हणून त्याहून थोडा मोठाच बरा. एका स्लाइडवर दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर बसत नसेल तर मजकूर कमी करावा. वेळ ठरवण्यासाठी तो मजकूर शांतपणे दोनदा मोठ्याने वाचावा. त्याला लागेल तितके सेकंद ती स्लाइड ठेवावी.

अक्षरं आणि किंमती कडेला चिकटवू नयेत. बरेच टीव्ही येणाऱ्या चित्राच्या चारी कडा थोड्या कापून बाकीचं ताणून दाखवतात. जुन्या प्रसारणाच्या काळापासून ही सवय चालत आली आहे. टीव्हीच्या Picture Size मध्ये Just Scan, Screen Fit किंवा Full Pixel अशा कंपनीगणिक वेगळ्या नावांनी ती बंद करता येते. तरी चारी बाजूंनी पाच टक्के जागा मोकळी सोडली की दुसऱ्या कुठल्याही टीव्हीवर फिल्म निर्धास्त लावता येते.

आता पेनड्राइव्हकडे वळू. तो FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण टीव्ही जुना असो की नवा, ही पद्धत त्याला वाचता येतेच. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून Format निवडलं की ३२ जीबीपर्यंतच्या पेनड्राइव्हला FAT32 हा पर्याय मिळतो. त्याहून मोठ्या पेनड्राइव्हला बहुतेक संगणकांवर exFAT किंवा NTFS एवढेच पर्याय दिसतात आणि काही टीव्ही ते ओळखत नाहीत. म्हणून १६ किंवा ३२ जीबीचाच घ्यावा. FAT32 ला एक मर्यादा आहे: एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पेनड्राइव्ह निम्मा रिकामा असूनही कॉपी करताना फाइल फार मोठी असल्याचा निरोप आला, तर कारण हेच.

आपली फिल्म त्या मर्यादेच्या खूप आत आहे. फुल एचडी व्हिडिओला सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ एमबी धरली तर २१६ सेकंदांची फाइल सव्वादोनशे एमबीच्या आतच राहते. उरलेल्या जागेचा एक चांगला उपयोग होतो. फाइल संपून पुन्हा सुरू होताना टीव्ही क्षण दोन क्षण थांबतो, काळा होतो, कधी फाइलचं नाव दाखवतो. साडेतीन मिनिटांची फिल्म दहा तासांच्या दिवसात दीडशेहून जास्त वेळा संपते, म्हणजे हा सांधा तितक्या वेळा दिसतो. तीच फिल्म एका फाइलीत सोळा वेळा जोडली तर ५७ मिनिटं ३६ सेकंदांची फाइल होते. वरच्या हिशोबाने ती साडेतीन जीबीच्या आसपास जाते, म्हणजे ४ जीबीच्या आत बसते. मग सांधा तासाला एकदाच येतो. संगणकाची सवय असलेल्या माणसाकडे ffmpeg हा मोफत प्रोग्राम असेल तर हे एका ओळीत होतं:

```
ffmpeg -stream_loop 15 -i paithani.mp4 -c copy taas.mp4
```

इथे १५ म्हणजे पहिल्या वेळेनंतर आणखी पंधरा वेळा. ffmpeg नसेल तर मोबाइलवरच्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये तीच क्लिप पुन्हा पुन्हा जोडता येते. फिल्मची सुरुवात आणि शेवट काळ्या पडद्याने केला की उरलेला सांधाही खटकत नाही.

पेनड्राइव्हवर ही एकच फाइल ठेवावी, फोल्डर न करता, बाहेरच. फाइलला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्यावं. लग्नाचे फोटो, गाणी, जुनी बिलं असलं काही त्याच पेनड्राइव्हवर नको. एकच फाइल असली की सकाळी टीव्ही लावणाऱ्या कामगाराला चूक करायला वावच राहत नाही. ॲपलच्या संगणकावरून कॉपी केली असेल तर टीव्हीवर `._taas.mp4` अशी एक जास्तीची फाइल दिसू शकते. ती व्हिडिओ नसते, उघडतही नाही. ती पुसून टाकावी.

टीव्हीवर फाइल सुरू केल्यावर रिमोटने पर्याय उघडून Repeat हा शब्द किंवा गोल बाणाची खूण शोधायची आणि One निवडायचं. काही टीव्ही बंद करून चालू केले की ही निवड विसरतात, म्हणून पहिले दोन दिवस सकाळी ती तपासावी. त्यानंतर सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी बघाव्यात. घरगुती टीव्हीत वीज वाचवण्यासाठी अशी सोय असते की बराच वेळ, बहुधा चार तास, कुणी रिमोटला हात लावला नाही की टीव्ही स्वतःहून बंद होतो. सकाळी दहाला लावलेला टीव्ही दुपारी दोनला बंद पडत असेल तर तो बिघडलेला नसतो. Auto Power Off, Eco किंवा Sleep Timer या नावाखाली ही सोय सापडते, ती बंद करायची. दुसरी गोष्ट टीव्ही पहिल्यांदा बसवतानाची. तो Home की Store असं विचारतो तेव्हा आपलं दुकान म्हणून Store निवडण्याचा मोह होतो. तो पर्याय टीव्ही विकणाऱ्या शोरूमसाठी असतो. त्यात कंपनीच्या स्वतःच्या जाहिराती मधे येतात आणि बदललेल्या सेटिंग पुन्हा मूळ जागी जातात. Home हेच निवडावं.

फिल्म चालत नसेल तर पडद्यावरच्या लक्षणावरून कारण ओळखता येतं. आवाज येतो पण चित्र नाही, किंवा फाइल चालत नसल्याचा निरोप येतो, तर व्हिडिओ टीव्हीला न कळणाऱ्या पद्धतीने साठवलेला आहे. पुन्हा एक्सपोर्ट करताना MP4 आणि H.264 निवडावं. चित्र अडखळत चालत असेल तर फाइल जड आहे. 4K सोडून फुल एचडीत करावी. पेनड्राइव्हच दिसत नसेल तर फॉरमॅट तपासावं. काही तास चालून फिल्म थांबत असेल तर पेनड्राइव्हला हात लावून बघावा. टीव्हीच्या पाठीमागच्या उबेत छोटे धातूचे पेनड्राइव्ह चांगलेच तापतात. वीतभर USB एक्स्टेन्शन केबल लावून तो टीव्हीपासून बाजूला काढला की फरक पडतो.

आवाजाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. फिल्मला सिनेमातलं गाणं लावून ते दुकानात दिवसभर वाजवणं हे कायद्याने सार्वजनिक वादन ठरतं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार त्यासाठी परवाना लागतो. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी PPL आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी IPRS या संस्था असे परवाने देतात. परवाना नसेल तर फिल्म मुकी ठेवावी. दर साडेतीन मिनिटांनी तीच धून दहा तास ऐकणाऱ्या कामगारांसाठीही ते बरं. हाच नियम चित्रांनाही लागू आहे: इंटरनेटवरून उचललेला नटीचा फोटो नको, आपल्या मालाचे आपण काढलेलेच घ्यावेत.

या सगळ्या व्यवस्थेच्या काही मर्यादाही आहेत. घरगुती टीव्हीचा उजेड खोलीपुरता असतो. काचेच्या शोकेसमध्ये रस्त्याकडे तोंड करून ठेवला तर दुपारच्या उन्हात त्यावर काहीच दिसत नाही. त्यासाठी कितीतरी पट प्रखर पडदे वेगळे बनवले जातात. टीव्ही आत, ऊन येत नाही अशा भिंतीवर ठेवावा. तो OLED असेल तर दुकानाचं बोधचिन्ह एकाच कोपऱ्यात दिवसभर ठेवू नये, महिन्यांनी त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटतो. बऱ्याच टीव्हींची वॉरंटी घरगुती वापरापुरतीच असते, तेव्हा विकत घेण्याआधी ती अट वाचावी.

सर्वांत मोठी मर्यादा विजेची. वीज जाऊन आली की घरगुती टीव्ही बहुधा लाल दिवा लावून थांबतो किंवा मुख्य पडद्यावर येतो. फिल्म स्वतःहून सुरू होत नाही, कुणाला तरी रिमोट घ्यावा लागतो. दिवसातून एकदा वीज जाणाऱ्या दुकानात हे चालून जातं. ती चार वेळा जात असेल, किंवा टीव्ही हात पोचणार नाही अशा उंचीवर असेल, तर HDMI ला जोडायचा छोटा मीडिया प्लेअर घ्यावा. घेताना तो वीज येताच पेनड्राइव्हवरची फाइल स्वतः सुरू करतो का, हे दुकानातच प्लग काढून-लावून बघावं. टीव्ही स्वतःहून चालू होतो का आणि शेवटच्या HDMI वरच येतो का, हेही तपासावं लागतं, कारण नुसता प्लेअर सुरू होऊन भागत नाही. हे सगळं आपोआप करणारे, ठरावीक वेळी चालू-बंद होणारे व्यावसायिक पडदे मिळतात. ते महाग असतात. पाच-सहा शाखा सांभाळायच्या असतील तर तो खर्च परवडतो.

एका दुकानासाठी दोन पेनड्राइव्ह पुरतात. एक टीव्हीत चालू असतो आणि दुसरा संगणकापाशी. किंमत बदलली, एखादी पैठणी विकली गेली की पॉवरपॉइंटमधली तेवढीच स्लाइड बदलायची, पुन्हा एक्सपोर्ट करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकायची, संगणकातून Eject करूनच तो काढायचा आणि दुकान उघडताना टीव्हीतल्या पेनड्राइव्हशी अदलाबदल करायची. नवीन फाइल काही कारणाने चालली नाही, तर कालची फिल्म हाताशी असतेच. पॉवरपॉइंटची मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. पुढच्या वर्षी दिवाळीची फिल्म करताना सुरुवात तिच्यापासूनच करता येते.